हजेरीपटावरचं नाव

आमच्या बी.कॉम.च्या १९९६च्या तुकडीचा स्नेहमेळावा ठरला तेव्हा निमंत्रण लिहायचं काम माझ्याकडे आलं. पहिला मसुदा मी ‘त्या सोनेरी दिवसांना उजाळा देऊया’ असा लिहिला. तो वाचून एक मैत्रीण म्हणाली, “अरे, हे कुठल्याही कॉलेजला चालेल. आपलं काय यात?” तिचं बरोबर होतं. आठवण नेमकी असेल तरच माणूस जागचा हलतो. मग मी पुन्हा लिहिलं:

“जिन्याखाली सायकल लावून धापा टाकत तिसरा मजला गाठायचा आणि दारातूनच ‘यस सर’ म्हणायचं. तीच हजेरी पुन्हा घ्यायची आहे. रविवार, २८ डिसेंबर, सकाळी साडेनऊ ते दुपारी चार. हजेरी बरोबर दहा वाजता. जागा कॉलेजचंच तळमजल्यावरचं सभागृह, जेवण मागच्या पटांगणात मांडवाखाली. माणशी ६०० रुपये. नोंदणी १५ डिसेंबरपर्यंत.”

रविवार सकाळ ठेवली, कारण बाहेरगावचे संध्याकाळच्या गाडीने परतू शकतात. हॉटेलचा हॉल सोयीचा होता, पण तिथे तो जिना नव्हता. सभागृह तळमजल्यावर आहे हे मुद्दाम लिहिलं, कारण निवृत्त सरांनाही बोलावलं होतं. नोंदणीची मुदत केटररसाठी. त्याला ताटांचा आकडा आधी लागतो, आणि ‘बघतो, जमलं तर येतो’ म्हणणाऱ्यांवर तो धरता येत नाही.

खरी अडचण नोंदणीत आली. गूगल फॉर्ममध्ये मी फक्त ‘पूर्ण नाव’ विचारलं होतं. पहिल्या चार दिवसांत बावीस नोंदी आल्या, त्यातल्या नऊ जणी कोण हेच कळेना. लग्नानंतर आडनाव बदललेलं, काहींचं तर पहिलं नावही. पैशांचंही तसंच. यूपीआयवर रक्कम जमा व्हायची ती नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खात्यातून, म्हणजे पैसे कुणाचे ते समजायला मार्ग नाही.

म्हणून फॉर्म बदलला. पहिला रकाना ‘कॉलेजातलं नाव’, मग आत्ताचं नाव, तुकडी, रोल नंबर आठवत असल्यास तो, आणि जेवण साधं की जैन. पैसे पाठवताना शेऱ्यात कॉलेजातलं नाव लिहायला सांगितलं. ज्यांना फॉर्म जमत नाही त्यांच्यासाठी दोन फोन नंबर दिले आणि फोन घ्यायची वेळ ठरवली, संध्याकाळी सात ते नऊ.

या एका रकान्याने फार काही साधलं. एकीने फोनवर सांगितलं, ते नाव तिने कित्येक वर्षांत कुठेच लिहिलं नव्हतं. छातीवर लावायच्या पट्ट्यांवरही आम्ही तेच नाव मोठ्या अक्षरांत छापलं, आत्ताचं खाली बारीक.

तुमच्या तुकडीचं निमंत्रण लिहायला बसाल, तेव्हा आधी कॉलेजच्या कार्यालयात जाऊन जुना हजेरीपट बघायला मिळतो का, ते विचारा.