टीम सांभाळताना – लेखांक 7 : "सर, दोन मिनिटं बोलायचं होतं"

मागच्या लेखात आपण दोन सहकाऱ्यांमधल्या भांडणात मॅनेजरने मध्यस्थी कशी करावी ते पाहिलं. आजच्या विषयात तीच मध्यस्थी घातक ठरते.

समजा, पुण्यातल्या एका कंपनीत रात्रपाळी आहे. 2 सप्टेंबरला टीममधली एक मुलगी मॅनेजरला म्हणते, "सर, दोन मिनिटं बोलायचं होतं." दार लोटून घेतल्यावर ती सांगते, की 14 जूनच्या रात्री घरी सोडणाऱ्या कॅबमध्ये टीममधल्याच एकाने तिच्या मांडीवर हात ठेवला आणि तिने झटकल्यावरही पुन्हा ठेवला. शेवटी म्हणते, "पण सर, प्लीज, कोणाला सांगू नका."

इथे मॅनेजरच्या तोंडून तीन वाक्यं सहज निघतात. पहिलं, "तो? तो तर तसा वाटत नाही." दुसरं, "मी त्याला बोलावून झापतो." आणि तिसरं, "बरं, कोणाला नाही सांगत." पहिल्या वाक्याने ती गप्प होते. दुसऱ्यामुळे समोरचा सावध होतो, कॅबमधल्या इतरांशी आधीच बोलून घेतो आणि पुढच्या चौकशीत अडचण येते. तिसरं वाक्य दिलासा देणारं वाटतं, पण ते पाळता येत नाही. बहुतेक कंपन्यांच्या धोरणात अशी गोष्ट कानावर आली की मॅनेजरने ती एचआरला किंवा कंपनीच्या अंतर्गत समितीला कळवायची असते. वचन देऊन ते मोडलं, तर पुढे ती कोणावरच विश्वास ठेवणार नाही.

त्यापेक्षा असं सांगावं: "तू सांगितलंस ते बरं केलंस. टीममध्ये कोणाला यातलं काही कळणार नाही. पण समितीला मला कळवावं लागेल, ते मी तुझ्यापासून लपवणार नाही. कोणाला आणि कधी सांगतोय, ते तुला आधी कळेल." पुढे काय होणार याची तिला कल्पना येते, आणि मॅनेजरवर खोटं बोलायची वेळ येत नाही.

मग ऐकायचं. "अजून काही सांगायचं आहे का?" एवढा प्रश्न पुरतो. "तू तेव्हाच का नाही बोललीस?" किंवा "एवढ्या रात्री त्याच्याच कॅबमध्ये का बसलीस?" हे प्रश्न मॅनेजरचे नव्हेत. खरं-खोटं ठरवण्याचं काम कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने अंतर्गत समितीवर सोपवलं आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी ती असावीच लागते. तिची अध्यक्ष वरिष्ठ महिला कर्मचारी असते, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत आणि एक सदस्य बाहेरचा असतो. दहापेक्षा कमी माणसं असतील, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं.

ती गेल्यावर लगेच टिपण करावं, तेही तिच्याच शब्दांत. "कॅबमध्ये गैरवर्तन झाल्याचे सांगितले" असं लिहिलं, तर महिन्याभराने त्याचा कोणालाच अर्थ लागत नाही. "14 जून, घरी जाताना, मागची सीट, मांडीवर दोनदा हात, असं ती म्हणाली" असं लिहिलं तर लागतो. आपलं मत त्यात घालू नये. टिपण टीमच्या फोल्डरमध्ये ठेवू नये.

आता तारखेकडे पाहा. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्यावी लागते. प्रकार पुन्हा पुन्हा घडले असतील तर शेवटच्या प्रकारापासून. इथे एकच घटना आहे, म्हणजे मुदत 14 सप्टेंबरच्या सुमारास संपते. हातात जेमतेम बारा दिवस आहेत. तिच्याच भल्यासाठी म्हणून मॅनेजर "अप्रेझल होऊ दे, मग बघू" म्हणाला, तर मुदत निघून जाईल. योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिन्यांपर्यंत सवलत देऊ शकते, पण ते समितीच्या हातात आहे. म्हणून मुदत आणि समितीतल्या सदस्यांची नावं तिला त्याच भेटीत द्यावीत. तक्रार करायची की नाही, हे तिने ठरवायचं. लिहायला जमत नसेल, तर मदत करणं हे समितीचं कर्तव्य आहे.

शेवटचा प्रश्न आजच्या रात्रीचा: कॅबमध्ये तिच्या शेजारी कोण बसणार? "उद्यापासून तू दिवसपाळीत ये" असं परस्पर ठरवू नये. तक्रार तिने केली आणि रात्रपाळीचा भत्ताही तिचाच गेला, असं होतं. "आज घरी जाताना काय केलं तर तुला बरं वाटेल?" असं विचारावं. वेगळी कॅब मागितली तर कारण न सांगता ती मिळवून द्यावी. बदली किंवा तीन महिन्यांपर्यंतची रजा हे उपाय चौकशी सुरू असताना तिच्या लेखी विनंतीवरून समिती सुचवू शकते.

पुरुष कर्मचाऱ्याने असंच काही सांगितलं, तर हा कायदा त्याला लागू होत नाही. पण कंपनीचं धोरण असतं, आणि पहिली भेट अशीच घ्यायची असते.

पुढच्या आठवड्यात : चौकशी सुरू आहे, दोघंही त्याच टीममध्ये आहेत. कामं कशी वाटायची?