अबोल वडिलांसाठी चार चरण

भावना बोलून न दाखवणाऱ्या वडिलांचे आभार मानणारी कविता छोटी असावी लागते, आणि तिचे तोंड त्यांच्याकडे थेट वळलेले नसावे लागते. असा माणूस कौतुकाला नाही म्हणत नाही. त्याला अवघड जाते ते त्या क्षणी सगळ्यांनी आपल्या चेहऱ्याकडे पाहणे. त्यामुळे कविता वाचून झाल्यावर त्यांना काहीही बोलावे लागू नये, डोळे पुसावे लागू नयेत, साधे ‘बरं’ म्हणून कागद घडी करता यावा, एवढी सोय तिच्यात असली पाहिजे. ही सोय कवीच्या मनाच्या हळवेपणातून येत नाही, रचनेतून येते.

आडून बोलण्याची ही रीत मराठीत जुनी आहे. पहाटे दळताना बायकांनी गायलेल्या जात्यावरच्या ओव्यांमध्ये बापाविषयी खूप काही आहे, पण ते बापासमोर उभे राहून म्हटलेले नाही. ऐकणारी असते शेजारची सखी, नाही तर समोरचे जाते. हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी खेडोपाडी हिंडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. ज्या घरात बापलेकीचे बोलणे कामापुरतेच होत असे, तिथेही ओवीला वाट मिळाली. कारण ती बापाकडून उत्तराची अपेक्षा करत नव्हती.

आज लिहायला बसणाऱ्याला छंद निवडायचा तर देवद्वार हा फार सोयीचा आहे. ज्ञानेश्वरांचा हरिपाठ याच छंदात आहे आणि त्याच्या पहिल्या अभंगावरूनच छंदाला हे नाव पडले. त्यात चार चरण असतात. पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चार; दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचे यमक जुळते. लघु-गुरू पाहायचे नाहीत, फक्त अक्षरे मोजायची. जोडाक्षर एकच धरायचे, आणि बोलताना अर्धवट उच्चारलेले अक्षरही पूर्ण मोजायचे. म्हणून ‘बाटली’ तीन अक्षरी आणि ‘खिडकीच्या’ चार अक्षरी. एका कडव्यात एकूण बावीसच अक्षरे बसतात. ‘उपकार’, ‘वात्सल्य’, ‘आधारवड’ असल्या शब्दांना एवढ्या जागेत पाय पसरता येत नाहीत, आणि चौथा चरण आखूड असल्यामुळे बोलणे वेळेवर थांबते. अबोल माणसासमोर थांबणे हेच तर जमावे लागते.

विषय मात्र ‘वडील’ हा घेऊ नये. वडिलांनी वर्षानुवर्षे केलेली, कुणी कधी उल्लेखही न केलेली एक कृती घ्यावी. उदाहरण म्हणून एक मुलगी धरू. ती शिकायला तालुक्याहून शहरात राहत होती. दर सुट्टीनंतर वडील तिला पहाटेच्या एसटीला सोडायला येत. बॅग वर टाकत, स्टँडवरच्या नळावर पाण्याची बाटली भरून खिडकीतून देत, ‘पैसे आहेत ना?’ असे विचारत आणि गाडी सुटेपर्यंत खाली उभे राहत. यापलीकडे बोलणे नाही. तिच्या कवितेचे पहिले कडवे असे होऊ शकते:

पहाटेची गाडी । खिडकीच्या खाली ।
बाटलीही आली । भरलेली ॥

यात वडिलांचा शब्दाने उल्लेखच नाही. मराठी वाक्यरचना इथे मोठीच मदत करते. ‘आली’, ‘विचारले’, ‘आणले’ अशा क्रियापदांबरोबर करणाऱ्याचे नाव गाळले तरी वाक्य उभे राहते. त्यामुळे वडिलांना ‘तुम्ही’ म्हणायचे की ‘तू’, की ‘बाबा’ अशी हाक घालायची, हा प्रश्नच उरत नाही. खिडकीखाली कोण उभे होते ते वाचणाऱ्याला ठाऊक आहे, आणि तो वाचणारा एकटाच आहे.

दुसऱ्या कडव्यात खरी कसोटी लागते, कारण आभार तिथे यायचे असतात. पहिल्या झटक्यात बहुतेकांच्या हातून असे काही उतरेल:

पैसे आहेत ना । एवढेच बोल ।
पापणीत ओल । लपविली ॥

अक्षरे मोजून पाहिली तर बरोबर आहेत, ‘बोल’ आणि ‘ओल’ यांचे यमकही नेमके बसले आहे. तरी हे कडवे ठेवू नये. वडिलांनी जी ओल लपवली ती कवितेने उघड्यावर आणली आहे. त्यांनी स्वतःपुरते जपलेले काही आपण पाहिले होते, हे त्यांना आता कळले, आणि पुढच्या वेळी स्टँडवर उभे राहताना ते तोंड दुसरीकडे वळवतील. लाज वाटते ती नेमकी इथे. कसोटी सोपी आहे: जे त्यांनी केले ते लिहावे, जे त्यांनी लपवले ते लिहू नये. या कसोटीने ओल जाते, पण पैशांचा प्रश्न राहतो, कारण तो त्यांनी स्वतः तोंडाने विचारलेला होता. आता त्या प्रश्नाचे उत्तर देता येते:

पैसे आहेत ना । पुन्हा विचारले ।
पुरले, उरले । आजवर ॥

‘धन्यवाद’ कुठेच नाही, पण आभार पूर्ण आहेत. ‘पुरले’ हा पैशांचा हिशेब आहे, ‘उरले’ मध्ये हिशेबाबाहेरचे सगळे आले. वडिलांना हवे तर त्यांनी ते फक्त पैशांविषयी वाचावे. तेवढी मोकळीक त्यांना दिलेली आहे. वर्षांपूर्वीच्या प्रश्नाला मुलीने आज उत्तर दिले, एवढेच कवितेत घडते.

लिहून झाल्यावर कविता एकदा वडिलांच्या जागी बसून मोठ्याने वाचावी. जिथे आवाज आपोआप जड होतो, तो शब्द बहुधा काढावा लागतो. ‘बाहेरून कठोर, आतून मऊ’ या अर्थाचे काहीही आले तर तेही काढावे, कारण त्यात आभारांच्या आडून त्यांच्या स्वभावावर शेरा मारला जातो.

देण्याची पद्धतही रचनेइतकीच महत्त्वाची आहे. साठीच्या कार्यक्रमात माइकवर वाचलेली किंवा कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेली हीच कविता त्यांना पेचात पाडेल. ग्रुपवर तर वीस अंगठे आणि हात जोडलेली चित्रे येतील आणि त्यांना काहीतरी लिहावेच लागेल. ती साध्या कागदावर हाताने लिहावी आणि जिथे ते एकटे असताना सापडेल तिथे ठेवावी: चष्म्याच्या डबीत, डायरीत, पासबुकात. नंतर ‘वाचलंत का?’ असे विचारू नये.

वेळही पाहावी. वडील दवाखान्यात असताना किंवा मोठ्या आजारातून उठत असताना आभार मानले की ते निरोपासारखे वाटतात, आणि घाबरलेल्या माणसाला ते अधिक घाबरवतात. मनात जुना राग बाकी असेल तरीही थांबावे. बावीस अक्षरांत तो लपत नाही, एखाद्या क्रियापदातून डोके वर काढतोच. अशा वेळी आधी बोलणे व्हावे लागते, कविता त्याची जागा घेत नाही.

उत्तर आले तर ते बहुधा तपशिलाच्या रूपाने येते. आठवडाभराने जेवताना वडील म्हणतील, ‘ती गाडी पहाटेची कुठली, साडेसहा वाजायचे.’ कविता वाचली गेली, लक्षात राहिली आणि मान्य झाली, याची याहून खात्रीची खूण नाही. त्यावर वाद न घालता ‘हो का, मग बदलते’ म्हणावे आणि पहिला चरण दुरुस्त करावा: ‘सकाळची गाडी’. अक्षरे सहाच भरतात.