डबा तोच, किंमत दोन

मार्चअखेर दुकानातला शिल्लक माल मोजून झाला की त्याला किंमत लावावी लागते, आणि ती सहसा खरेदीच्या भावाने लावतात. एकच माल वेगवेगळ्या भावांनी घेतलेला असला की मात्र कोणता भाव धरायचा, हा प्रश्न येतो.

एका किराणा दुकानाचा मार्च महिना पाहू. 1 तारखेला तेलाचे 20 डबे शिल्लक होते, प्रत्येकी 2,000 रुपयांचे. 10 तारखेला 2,100 रुपयांनी 60 डबे आले आणि 25 तारखेला 2,300 रुपयांनी आणखी 20. एकूण 100 डबे, 2,12,000 रुपयांचे. त्यातले 60 विकले गेले, 40 उरले.

‘फिफो’ पद्धतीत आधी आलेला माल आधी गेला असे मानतात. ही फक्त हिशेबातली समजूत. पोऱ्याने घाईत पुढचा नवा डबा उचलून दिला, तरी वहीत जुनाच जातो. त्यामुळे उरलेल्या 40 डब्यांत शेवटचे 20 डबे 2,300चे आणि 20 डबे 2,100चे धरले जातात. साठा झाला 88,000 रुपयांचा.

भारित सरासरीत एकूण रकमेला एकूण नगांनी भागतात. डबा 2,120 रुपयांना पडतो आणि साठा 84,800 रुपयांचा होतो. इथे हमखास होणारी चूक म्हणजे तीन भावांची बेरीज करून तिला तीनने भागणे. 2,133 रुपये येतात, पण 60 डब्यांच्या खरेदीला 20 डब्यांइतकेच वजन मिळते. शिवाय संगणकावर सरासरी प्रत्येक खरेदीनंतर नव्याने काढली जात असेल, तर हातच्या हिशेबापेक्षा आकडा वेगळा येऊ शकतो. 25 तारखेपूर्वी 50 डबे विकले गेले असतील, तर या चालत्या सरासरीने साठा 86,600 रुपये भरतो.

विक्री 2,400 रुपयांनी झाली असेल, तर फिफोने ढोबळ नफा 20,000 दिसतो, महिन्याच्या सरासरीने 16,800. वाढत्या भावात फिफोचा नफा फुगतो तो असा. पण ते 3,200 रुपये कुठे जात नाहीत. यंदाचा अखेरचा साठा हाच पुढच्या वर्षीचा आरंभीचा साठा असल्याने, हे डबे विकले गेले की फिफोवाल्याचा नफा तेवढाच कमी दिसतो. म्हणूनच नफा हवा तसा दाखवायला दरवर्षी पद्धत बदलणे चालत नाही. भारतीय लेखा मानक 2 ला दोन्ही पद्धती मान्य आहेत, पण निवडलेली पद्धत सातत्याने पाळावी लागते.

याच मानकानुसार साठा खरेदीची किंमत किंवा विक्रीतून खर्च वजा जाता हाती येणारी रक्कम, यांपैकी जी कमी त्या किमतीला दाखवायचा असतो. मार्चअखेर भाव कोसळून डब्यामागे 2,050 रुपयेच सुटणार असतील, तर पद्धत कोणतीही असो, 40 डब्यांची किंमत 82,000 रुपयेच लागते.