केप्स्ट्रम : आवाजात मिसळलेल्या प्रतिध्वनीचा विलंब कसा सापडतो

संकेताचा वर्णपट काढावा, त्या वर्णपटाचा लॉगॅरिदम घ्यावा आणि त्या लॉगॅरिदमचा पुन्हा एकदा वर्णपट काढावा. या तीन पायऱ्यांनंतर हाती येणाऱ्या आलेखाला केप्स्ट्रम म्हणतात. मूळ आवाज आणि त्याचा प्रतिध्वनी एकमेकांत इतके मिसळलेले असतात की ध्वनिमुद्रणाच्या लाटेकडे कितीही वेळ पाहिले तरी कुठे एक संपला आणि कुठे दुसरा सुरू झाला हे कळत नाही. केप्स्ट्रममध्ये मात्र प्रतिध्वनी जितक्या उशिरा आला, नेमक्या तितक्या वेळेच्या खुणेवर एक टोकदार शिखर उभे राहते.

हे कसे घडते ते एका साध्या मांडणीवरून समजते. मोकळ्या मैदानात एक वक्ता बोलत आहे. त्याच्यापासून १७.२ मीटरवर मायक्रोफोन आहे आणि मायक्रोफोनच्या मागे आणखी ८.६ मीटरवर उंच, गुळगुळीत भिंत आहे. तिघेही एका सरळ रेषेत आहेत. वक्त्याचा आवाज १७.२ मीटर चालून थेट मायक्रोफोनपाशी पोचतो. तोच आवाज पुढे भिंतीवर आपटून परत येतो तेव्हा त्याचा एकूण प्रवास ३४.४ मीटर झालेला असतो. हवेचे तापमान २१ अंश सेल्सिअस असेल तर ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४४ मीटर असतो, म्हणून जास्तीच्या १७.२ मीटरसाठी ५० मिलिसेकंद लागतात. अंतर दुप्पट झाल्यामुळे प्रतिध्वनीची लाट थेट लाटेच्या निम्म्या उंचीची उरते. भिंतीत शोषला जाणारा थोडा आवाज आणि जमिनीवरून येणारे परावर्तन येथे बाजूला ठेवले आहे.

मूळ आवाज x, विलंब T आणि प्रतिध्वनीचे प्रमाण a मानले, तर मायक्रोफोनला ऐकू येणारा संकेत असा लिहिता येतो :

y(t) = x(t) + a·x(t − T)

येथे T म्हणजे ५० मिलिसेकंद आणि a म्हणजे ०.५.

आता या संकेताच्या वर्णपटाकडे पाहू. वर्णपट म्हणजे आवाजात कोणत्या वारंवारतेचा वाटा किती, याचा हिशेब. २० हर्ट्झच्या सुराचे एक आवर्तन बरोबर ५० मिलिसेकंदांत पुरे होते. त्यामुळे प्रतिध्वनी पोचतो तेव्हा मूळ लाट पुन्हा त्याच स्थितीत आलेली असते आणि दोन्ही लाटा एकमेकींना जोर देतात : १ अधिक ०.५, म्हणजे १.५. १० हर्ट्झच्या सुराचे तेवढ्या वेळात अर्धेच आवर्तन होते. तेथे एकीचा चढ दुसरीच्या उतारावर येतो आणि उरते ०.५. हाच प्रकार पुढे सगळीकडे चालू राहतो. २०, ४०, ६० हर्ट्झवर भर पडते, १०, ३०, ५० हर्ट्झवर घट होते. शक्ती ही लाटेच्या उंचीच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून शक्तीच्या वर्णपटात उंचवट्यावर २.२५ पट आणि खळगीत ०.२५ पट असा नऊ पटींचा फरक दिसतो. सूत्रात हे असे येते :

|Y(f)|² = |X(f)|² · (1 + a² + 2a cos 2πfT)

म्हणजे मूळ आवाजाच्या वर्णपटावर दर २० हर्ट्झला एक अशी तरंगांची नक्षी उमटते. या तरंगांमधले अंतर हे विलंबाचे व्यस्त आहे. विलंब २५ मिलिसेकंद असता तर तरंग ४० हर्ट्झच्या अंतराने आले असते. विलंबाची माहिती वर्णपटात आहेच, फक्त ती बाहेर काढायची आहे.

अडचण सूत्रातल्या गुणाकारात आहे. मानवी आवाजाचा वर्णपट सपाट नसतो. एखादा स्वर उच्चारताना तोंड आणि घसा यांच्या पोकळीमुळे काही वारंवारता खूप उचलल्या जातात, काही दबतात. तरंगांची नक्षी या डोंगरदऱ्यांनी गुणली गेल्यामुळे डोंगरावर तरंग प्रचंड मोठे दिसतात आणि दरीत जवळजवळ नाहीसे होतात. अशा आलेखाचा थेट वर्णपट काढला तर त्यात मुख्यतः डोंगरांचाच आकार उमटतो. मूळ संकेत स्वतःशी ताडून पाहण्याची जुनी पद्धत, म्हणजे स्वसहसंबंध, याच कारणाने बोलण्याच्या बाबतीत अपुरी पडते. बोलण्याची लाट पुढच्या काही क्षणांतही स्वतःसारखीच राहते, आणि त्या सारखेपणाच्या रुंद फुगवट्यात प्रतिध्वनीचा छोटा उंचवटा झाकला जातो.

लॉगॅरिदम गुणाकाराची बेरीज करतो. वर्णपटाचा लॉगॅरिदम घेतला की एका बाजूला मूळ आवाजाचा भाग आणि दुसऱ्या बाजूला निव्वळ तरंगांचा भाग अशा दोन स्वतंत्र गोष्टींची बेरीज मिळते. आता डोंगरावर असो वा दरीत, प्रत्येक तरंग सारख्याच उंचीचा होतो : उंचवट्यावर ०.८१, खळगीत उणे १.३९. दर २० हर्ट्झला तोच आकार पुन्हा येत राहतो. अशा नियमित पुनरावृत्तीचा शोध घेणे हेच तर फूरिये रूपांतराचे काम. म्हणून तिसऱ्या पायरीवर या लॉगॅरिदमच्या आलेखाचे पुन्हा रूपांतर करतात. आडव्या अक्षावर आता हर्ट्झचा व्यस्त, म्हणजे पुन्हा वेळच येते. २० हर्ट्झची नक्षी ५० मिलिसेकंदांच्या जागी एकवटून शिखर होते. स्वराचे डोंगर साधारण हजार हर्ट्झच्या अंतराने येतात, म्हणून त्यांची खूण एक मिलिसेकंदाच्या आसपास, आलेखाच्या अगदी सुरुवातीला पडते. दोन्ही गोष्टी एकमेकींपासून दूर जातात आणि शिखर मोकळे दिसू लागते.

शिखर एकटे येत नाही. तरंगांचा आकार शुद्ध कोसाइनचा नसतो, त्यांचे माथे पसरट आणि खळग्या खोल, निमुळत्या असतात. या फरकामुळे विलंबाच्या दुपटीवर, तिपटीवरही लहान शिखरे उमटतात. नैसर्गिक लॉगॅरिदम वापरला तर त्यांची उंची अनुक्रमे a, −a²/2, a³/3 अशी येते. मैदानातल्या उदाहरणात ५० मिलिसेकंदांवर ०.५, १०० वर उणे ०.१२५ आणि १५० वर सुमारे ०.०४. पहिल्या शिखराची जागा विलंब सांगते, उंची प्रतिध्वनीचे प्रमाण सांगते आणि दुसऱ्याचे उणे चिन्ह ही प्रतिध्वनीची ओळख ठरते.

या पद्धतीचा उगम भूकंपशास्त्रातला आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ब्रूस बोगर्ट यांना भूकंपाच्या नोंदींच्या वर्णपटात असेच नियमित पट्टे दिसले होते. ते प्रतिध्वनीचे आहेत हे ओळखून जॉन ट्युकी यांनी लॉगॅरिदम घेण्याची कल्पना सुचवली. बोगर्ट, हीली आणि ट्युकी यांचा लेख १९६३ साली प्रसिद्ध झाला. जमिनीखालच्या धक्क्याची लाट थेट वेधशाळेकडे जाते आणि वर जाऊन भूपृष्ठावरून परावर्तित होऊनही जाते. धक्का ३० किलोमीटर खोल असेल आणि लाटेचा वेग सेकंदाला ६ किलोमीटर धरला, तर जवळजवळ उभ्या मार्गाने जाणाऱ्या लाटेसाठी हा विलंब सुमारे १० सेकंदांचा होतो. भूमिगत अणुस्फोट मात्र फार खोल नसतो, त्यामुळे त्याचा विलंब एका सेकंदाहूनही कमी राहतो. विलंबावरून खोली आणि खोलीवरून स्फोट की भूकंप, हे ठरवायला मदत होते. वारंवारतेच्या जगात वेळ आणि वेळेच्या जगात वारंवारता अशी ही उलटापालट असल्याने त्यांनी शब्दही उलटे केले. स्पेक्ट्रमच्या इंग्रजी स्पेलिंगमधली पहिली चार अक्षरे उलटून केप्स्ट्रम झाला, आणि फ्रीक्वेन्सीची अक्षरे फिरवून त्याच्या आडव्या अक्षाला क्वेफ्रेन्सी हे नाव मिळाले.

प्रत्यक्ष मोजमापात तीन ठिकाणी चूक होते. पहिली तुकड्याच्या लांबीची. सेकंदाला ८००० नमुने घेतले तर ५० मिलिसेकंद म्हणजे ४०० नमुने. विश्लेषणाचा तुकडा ३०० नमुन्यांचाच असेल तर त्यात एखाद्या आवाजासोबत त्याचा स्वतःचा प्रतिध्वनी येतच नाही आणि शिखर दिसत नाही. ४०९६ नमुन्यांचा, म्हणजे अर्ध्या सेकंदाचा तुकडा घेतला तर दर तरंगावर सुमारे दहा बिंदू मिळतात आणि नक्षी नीट पकडता येते.

दुसरी चूक वक्त्याच्या स्वरामुळे होते. स्वरतंतू सेकंदाला १२० वेळा कंप पावत असतील तर वर्णपटात दर १२० हर्ट्झला एक रेघ येते. ही नक्षीसुद्धा केप्स्ट्रमला तितकीच प्रिय, म्हणून ८.३३ मिलिसेकंदांवर आणि तिच्या प्रत्येक पटीवर शिखरे येतात. सहावी पट बरोबर ५० मिलिसेकंदांवर पडते. एकाच तुकड्यावर विसंबल्यास स्वराचे शिखर प्रतिध्वनीचे समजले जाईल. उपाय सोपा आहे : बोलणाऱ्याचा स्वर वाक्यागणिक चढतो-उतरतो, भिंत मात्र हलत नाही. अनेक तुकड्यांच्या केप्स्ट्रमची सरासरी घेतली की स्वराची शिखरे विखुरतात आणि प्रतिध्वनीचे जागच्या जागी राहते.

तिसरी चूक गोंगाटाची. लॉगॅरिदम बलवान आणि दुबळ्या वारंवारतांना जवळजवळ सारखेच महत्त्व देतो. ज्या वारंवारतांवर वक्त्याचा आवाज पोचतच नाही, तेथे फक्त वाऱ्याची वा यंत्राची घरघर असते, आणि तिच्यात भिंतीच्या प्रतिध्वनीची नक्षी नसते. असा निव्वळ गोंगाटाचा पट्टा मोठा असेल तर शिखर खचते. म्हणून रूपांतरापूर्वी आवाज खरोखर असलेला पट्टाच निवडतात. गोंगाट खळग्याही भरून काढतो, त्यामुळे मोजलेली उंची सहसा खऱ्या प्रमाणापेक्षा कमी येते. जागेवर विश्वास ठेवावा, उंचीवर जपून.

एक मर्यादा पद्धतीतच आहे. प्रतिध्वनी मूळ आवाजापेक्षा मोठा असेल, उदाहरणार्थ वक्ता मायक्रोफोनकडे पाठ करून दुसऱ्याच भिंतीकडे तोंड करून बोलत असेल, तरी शिखर त्याच विलंबावर येते, फक्त उंची a ऐवजी 1/a होते. शक्तीच्या वर्णपटात लाटांची कला, म्हणजे कोण आधी नि कोण नंतर, ही माहिती उरलेलीच नसते. ती हवी असेल, किंवा प्रतिध्वनी काढून टाकून मूळ आवाज परत मिळवायचा असेल, तर कला सांभाळणारा संमिश्र केप्स्ट्रम काढावा लागतो.

विलंबावरून भिंतीचे अंतर काढताना शेवटची दक्षता तापमानाची. मैदानात ३० अंशांचे ऊन असेल तर ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर होतो, आणि त्याच ५० मिलिसेकंदांवरून मायक्रोफोनमागची भिंत ८.६ नव्हे, तर ८.७ मीटरवर असल्याचे उत्तर येते.