बशीतील ठिपके आणि दुधातील जीवाणू

दूध संस्थेच्या कार्यालयात प्रयोगशाळेचा अहवाल येतो. त्यात 'दर मिलिलिटरमागे १७ लाख' असा एक आकडा असतो आणि काही वेळा त्यासोबत एक छायाचित्रही जोडलेले असते. छायाचित्रात एक वाटोळी पारदर्शक बशी, तिच्यात फिकट पिवळसर थर आणि त्या थरात विखुरलेले पांढुरके ठिपके दिसतात. चिकाटीने मोजले तर ठिपके १६८ भरतात. मग १६८ चे १७ लाख झाले कसे? एका संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी हाच प्रश्न प्रस्तुत लेखकास विचारला होता आणि त्यांच्या स्वरात थोडा संशयही होता. प्रश्न अगदी रास्त आहे. अहवालातील या एका आकड्यावरून गावाच्या दुधाची प्रत ठरते. तेव्हा तो आकडा कोठून आला आणि त्यावर किती विसंबावे, हे गावाला कळावयास हवे.

कच्च्या दुधात जीवाणू इतके असतात, की ते आहेत तसे मोजता येत नाहीत. दुधाचा एक मिलिलिटर पोषक थरावर ओतून उबवणी पेटीत ठेवला, तर तिसऱ्या दिवशी बशीभर एकसंध साय धरल्यासारखे दिसेल. म्हणून मोजण्यापूर्वी दूध पातळ करावे लागते, आणि तेही मोजूनमापून. या क्रियेस विरलन असे म्हणतात. निर्जंतुक द्रावणाच्या काही परीक्षानळ्या एका ओळीत मांडतात. प्रत्येकीत बरोबर ९ मिलिलिटर द्रावण असते. दुधाचा नमुना चांगला हलवून त्यातील १ मिलिलिटर पहिल्या नळीत सोडतात. एकूण १० मिलिलिटर झाले आणि त्यात दूध १ मिलिलिटर; म्हणजे दूध दहापट पातळ झाले. ही नळी ढवळून, नवी पिपेट घेऊन, तिच्यातील १ मिलिलिटर दुसऱ्या नळीत सोडले की दूध शंभरपट पातळ होते. तिसऱ्या नळीत हजारपट, चौथीत दहा हजारपट, पाचवीत लाखपट, असा हा क्रम चालतो.

आता चौथ्या नळीतील १ मिलिलिटर बशीत घेतले, तर त्यात मूळ दुधाचा दहा हजारावा भागच असतो. त्यावर वितळलेले आणि सुमारे ४५ अंश सेल्सियसपर्यंत निवलेले आगर ओततात आणि बशी हलक्या हाताने फिरवून दोन्ही एकजीव करतात. आगर हा समुद्रशैवालापासून मिळणारा, थंड झाल्यावर गोठणारा पदार्थ होय. तो गोठला की प्रत्येक जीवाणू जेथल्या तेथे अडकून पडतो. बशी ३० अंशांवर ७२ तास ठेवली, की त्या अडकलेल्या जीवाणूची प्रजा त्याच्याभोवती वाढते आणि डोळ्यांना दिसेल एवढा ठिपका तयार होतो. या ठिपक्यास वसाहत म्हणतात. डोळ्यांना न दिसणारा जीव मोजण्याची ही युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. रॉबर्ट कॉख यांनी घट्ट माध्यमावर जीवाणू वाढविण्याची पद्धत १८८१ मध्ये मांडली. त्यांच्या प्रयोगशाळेत आगराचा वापर सुरू झाला तो फॅनी हेस या गृहिणीच्या सूचनेवरून. स्वयंपाकघरात त्या आगर वापरीत असत. कॉख यांचे साहाय्यक पेट्री यांनी १८८७ मध्ये झाकणाची बशी वर्णिली आणि त्यांचे नाव तिला कायमचे चिकटले.

आपल्या उदाहरणातील नमुन्याच्या चौथ्या नळीतून दोन बशा केल्या होत्या. एकीत १६८ वसाहती आल्या, दुसरीत १७६. सरासरी १७२. हे १७२ जीवाणू दुधाच्या दहा हजाराव्या भागातून आले. म्हणून एका मिलिलिटर दुधात १७२ गुणिले १०,०००, म्हणजे १७,२०,००० होतात. अहवालात पहिले दोनच अंक ठेवून १७ लाख लिहिले गेले, आणि ते योग्यच आहे. शेवटचे वीस हजार मोजण्याइतकी ही पद्धत सूक्ष्म नाही.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. छायाचित्र कितीही स्वच्छ असो, त्यावर विरलनाची खूण नसेल तर त्याचा उपयोग शून्य. तेच १६८ ठिपके दुसऱ्या नळीचे असते, तर दूध उत्कृष्ट ठरले असते. सहाव्या नळीचे असते, तर आकडा सतरा कोटींच्या घरात गेला असता. बशीच्या तळाशी लिहिलेला '-4' हा आकडा चौथी नळी दर्शवितो. बशीत किती द्रव घेतला, हेही पाहिले पाहिजे. काही ठिकाणी आगर आधी गोठवून त्याच्या पृष्ठावर केवळ ०.१ मिलिलिटर द्रव पसरतात. तसे असेल तर उत्तरास आणखी दहाने गुणावे लागते. ही एक नोंद राहून गेली तरी अहवाल दहापटीने चुकतो.

छायाचित्रावरून मोजणी करणे दिसते तितके सोपे नाही. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर असल्याने त्याने उत्साहाने याच बशीचे ठिपके मोजले आणि १८१ सांगितले. प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाने शांतपणे दाखवून दिले, की त्यांतील काही आगरातील हवेचे बुडबुडे होते, तीन-चार दिव्याची प्रतिबिंबे होती आणि एक तर तळाशी लिहिलेल्या अक्षराचा ठिपका होता. बुडबुड्याची कड काळी व रेखीव असते आणि मध्यभाग पारदर्शक असतो. वसाहत आतपर्यंत धूसर असते. थराच्या आत वाढलेल्या वसाहती मसुराच्या दाण्यासारख्या निमुळत्या व बारीक असतात, तर पृष्ठावरच्या पसरट व मोठ्या. बारीक आहेत म्हणून त्यांना सोडून देणे ही नवख्याची नेहमीची चूक होय. छायाचित्र काळ्या पार्श्वभूमीवर, प्रकाश बाजूने टाकून आणि कॅमेरा बशीच्या बरोबर वर धरून घेतलेले असावे. मोजताना छापील प्रतीवर आठ पाचरी आखाव्यात आणि मोजलेल्या प्रत्येक ठिपक्यावर पेनाने खूण करावी, म्हणजे कोणताही ठिपका दोनदा मोजला जात नाही. रेषेवरचे ठिपके नेहमी एकाच बाजूच्या पाचरीत धरावेत. दोन जणांनी स्वतंत्रपणे मोजून पाहिले तर अधिक बरे.

कोणती बशी मोजावी, यालाही नियम आहे. ३० ते ३०० वसाहती असलेली बशी मोजण्यास योग्य, असा जुना संकेत आहे; काही प्रमाण पद्धतींत या मर्यादा थोड्या वेगळ्या असतात. ३०० हून अधिक झाल्या की वसाहती एकमेकींत मिसळतात, अन्नासाठी एकमेकींना रोखतात आणि मोजणी खऱ्यापेक्षा कमी येते. ३० हून कमी असतील तर योगायोगाला वाव फार मिळतो. याचे गणित सोपे आहे: मोजलेल्या संख्येच्या वर्गमुळाइतका चढउतार केवळ दैवयोगाने होऊ शकतो. आपल्या दोन बशांत मिळून ३४४ वसाहती आहेत. त्यांचे वर्गमूळ साधारण १८.५, म्हणजे सुमारे पाच टक्के. सुरक्षिततेसाठी त्याची दुप्पट धरतात. तेव्हा १७ लाख याचा प्रामाणिक अर्थ साधारण साडेपंधरा ते एकोणीस लाख असा होतो. पिपेटच्या मापातील चुका यात धरलेल्याच नाहीत.

हे अंतर कागदावरचे नाही. कच्च्या दुधाच्या प्रतवारीच्या भारतीय मानकात दर मिलिलिटरमागे २ लाखांपर्यंत अत्युत्तम, २ ते १० लाख चांगले, १० ते ५० लाख साधारण आणि त्यावर निकृष्ट, अशा पायऱ्या दिल्या आहेत. आपला नमुना सर्व चढउतार धरूनही साधारण प्रतीतच राहतो. त्याबद्दल वाद घालण्यास जागा नाही. परंतु अहवालात साडेदहा लाख आले असते, तर ते दूध 'चांगले' की 'साधारण' हे एका नमुन्यावरून कोणालाच सांगता आले नसते. अशा वेळी संस्थेने फेरतपासणी मागितली, तर ती आडमुठेपणाची मानू नये.

चूक झाली आहे का, हे ओळखण्याचे सर्वात उपयुक्त साधन म्हणजे शेजारची बशी. पाचव्या नळीचे दूध चौथीपेक्षा दहापट पातळ असते. तिच्या बशांत वसाहतीही सुमारे एकदशांशच हव्यात. आपल्या नमुन्यात त्या १४ व १९ आल्या, सरासरी साडेसोळा. १७२ शी हे प्रमाण जुळते. त्याऐवजी ९० आल्या असत्या, तर पिपेट न बदलणे, नीट न ढवळणे किंवा बशांवरील खुणांची अदलाबदल, यांपैकी काहीतरी घडले असे समजावे. क्वचित उलटा प्रकार दिसतो. कमी पातळ केलेल्या बशीत अपेक्षेपेक्षा फार थोड्या वसाहती येतात, आणि दूध जसजसे पातळ करावे तसतशी हिशेबाने निघणारी संख्या वाढत जाते. अशा वेळी दुधात जीवाणूंची वाढ रोखणारा पदार्थ, उदाहरणार्थ आजारी जनावराला दिलेल्या प्रतिजैविकाचा अंश, असल्याची शंका घ्यावी. नुसते द्रावण आणि आगर घातलेली एक बशीही सोबत ठेवतात. ती कोरी राहिली नाही तर सारी तपासणीच रद्द करावी लागते.

विरलनातील एक चूक मात्र शेजारच्या बशीवरून सहजी पकडता येत नाही. नळीत ९ ऐवजी १० मिलिलिटर द्रावण भरले गेले, तर दूध प्रत्येक पायरीला दहापट नव्हे, अकरापट पातळ होते. चार पायऱ्यांनंतर ते दहा हजारपट नसून १४,६४१ पट पातळ झालेले असते. हिशेब करणारा मात्र दहा हजारानेच गुणतो आणि उत्तर जवळजवळ एकतृतीयांशाने कमी येते. प्रत्येक पायरीवरची चूक लहान असते, पण ती गुणाकाराने साचत जाते.

आणखी एक खुलासा करणे अगत्याचे आहे. एक वसाहत म्हणजे एक जीवाणू, असे आपण सोयीसाठी म्हटले. वास्तविक दुधातील कित्येक जीवाणू साखळीने किंवा घोसाने राहतात आणि दहा जणांच्या साखळीतूनही एकच ठिपका उगवतो. म्हणून अहवालात जीवाणूंऐवजी 'वसाहत-निर्मितीक्षम घटक' असा शब्द असतो. इंग्रजी अहवालात तो CFU या अक्षरांनी दर्शवितात. शिवाय ३० अंशांवर, हवेत आणि या माध्यमावर जे वाढू शकतात तेच मोजले जातात. ते रोगकारक आहेत की निरुपद्रवी, हे या बशीवरून कळत नाही; त्यासाठी निराळ्या चाचण्या कराव्या लागतात.

आणि बशीत दिसते ते, नमुना प्रयोगशाळेत उघडला तेव्हाचे दूध. अनुकूल उष्णतेत काही जीवाणू अर्ध्या तासाच्या सुमारास दुप्पट होतात. त्या वेगाने दोन तासांत एकाचे सोळा होतील. नमुन्याची बाटली बर्फात न ठेवता उन्हातून आणली असेल, तर अहवालातील आकड्याचा मोठा वाटा गोठ्याचा नसून त्या प्रवासाचा असतो. म्हणून छायाचित्रासोबत नमुना घेतल्याची वेळ, तो पोहोचल्याची वेळ आणि पोहोचला तेव्हाचे तापमान, या तीन नोंदी संस्थेने अवश्य मागून घ्याव्यात.