ब्लीचमधला क्लोरीन आणि स्टार्चची वेळ

ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण. ऊन आणि उष्णता लागली की बंद बाटलीतही त्याचा जोर ओसरत जातो. किती जोर उरला आहे हे प्रयोगशाळेत आयोडीनच्या आधारे मोजतात. पोटॅशियम आयोडाइडमधून हायपोक्लोराइट जेवढे आयोडीन मोकळे करते, तेवढे सोडियम थायोसल्फेटने संपवायचे आणि ब्युरेटवरचा आकडा वाचायचा.

या मोजणीत थायोसल्फेट हेच माप असल्याने आधी ते तपासावे लागते. त्याच्या स्फटिकांतले पाणी कमी-जास्त होते. शिवाय पाण्यातल्या जिवाणूंमुळे आणि कार्बन डायऑक्साइडमुळे द्रावणही हळूहळू बिघडते. म्हणून उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सुमारे २४.८ ग्रॅम स्फटिक आणि चिमूटभर सोडियम कार्बोनेट घालतात. पडताळणीसाठी वाळवलेले पोटॅशियम आयोडेट ३.५६७ ग्रॅम अचूक तोलून एक लिटर द्रावण करतात. त्यातल्या २५ मिलिलिटरमध्ये दोन ग्रॅम आयोडाइड आणि थोडे सौम्य सल्फ्युरिक आम्ल घातले की ठरावीक आयोडीन सुटते. थायोसल्फेट नेमके ०.१ नॉर्मल असेल तर ते २५ मिलिलिटरच लागेल. समजा २५.४ लागले, तर द्रावण किंचित फिके आहे आणि पुढच्या प्रत्येक वाचनाला २५ भागिले २५.४, म्हणजे ०.९८४ ने गुणायचे.

आता ब्लीच. १० मिलिलिटर ब्लीच पाणी घालून १०० करतात आणि त्यातले १० पिपेटने फ्लास्कमध्ये घेतात. म्हणजे मूळ ब्लीच एक मिलिलिटर. आधी आयोडाइड, मग ॲसिटिक आम्ल, हा क्रम मोडू नये. आम्ल आधी पडले तर क्लोरीन वायू सुटून जातो. तो विषारी तर आहेच, शिवाय उत्तरही कमी येते.

तपकिरी द्रावणात थायोसल्फेट सोडत जावे. रंग वाळल्या गवतासारखा फिकट पिवळा झाला की मगच स्टार्च घालावा. नवख्यांची चूक बहुतेक इथेच होते. आयोडीन भरपूर असताना स्टार्च घातला तर ते त्याच्या रेणूंच्या वेटोळ्यांत घट्ट अडकते आणि सावकाश सुटते. निळा रंग रेंगाळतो, शेवटचा थेंब कोणता ते कळत नाही. वेळेवर घातला तर गडद निळे द्रावण एका थेंबाने रंगहीन होते. काही मिनिटांनी निळसर झाक परतली तर ती हवेतल्या ऑक्सिजनमुळे. तिच्यासाठी आणखी थेंब घालू नयेत.

समजा ११.४ मिलिलिटर लागले. नेमक्या ०.१ नॉर्मल थायोसल्फेटचा एक मिलिलिटर म्हणजे ३.५४५ मिलिग्रॅम क्लोरीन. ११.४ × ०.९८४ × ३.५४५ म्हणजे सुमारे ३९.८ मिलिग्रॅम. हे एका मिलिलिटर ब्लीचमधले असल्याने १०० मिलिलिटरमध्ये उपलब्ध क्लोरीन जवळपास ४ ग्रॅम.

क जीवनसत्त्वाच्या बाबतीत चित्र उलटे असते. तिथे आयोडीनच ब्युरेटमध्ये असते आणि पडेल तसे जीवनसत्त्व ते संपवत जाते. फ्लास्कमध्ये आयोडीन साचतच नाही, त्यामुळे स्टार्च सुरुवातीलाच घालतात आणि टिकणारा पहिला निळा रंग दिसताच थांबतात.