पार्लरचा पहिला वाढदिवस आणि चार ओळींची चिठ्ठी

आपल्याकडे नवं दुकान बरेचदा दसऱ्याला उघडतं. मुहूर्त पाहावा लागत नाही, फुलांची तोरणं स्वस्त नसली तरी मिळतात आणि नातेवाईक घरीच असतात. ब्यूटी पार्लरचंही तेच. पण त्यात एक अडचण दडलेली असते. पहिलं वर्ष पुरं होतं तेव्हा पुन्हा दसरा आलेला असतो आणि दिवाळी वीस दिवसांवर. त्या वीस दिवसांत दोन खुर्च्यांच्या पार्लरला श्वास घ्यायला फुरसत नसते. नेमकं त्याच वेळी मालकीणबाई हौसेनं मेसेज टाकतात, ‘प्रथम वर्धापनदिनानिमित्त सर्व सेवांवर २५ टक्के सूट!’ ज्या बायका पूर्ण पैसे देऊन येणारच होत्या, त्याच सूट घेऊन येतात.

हा हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. समजा, हेअरकटचे ४०० रुपये आहेत. मदतनीस मुलीचा वाटा, भाडं, वीज, शॅम्पू सगळं वजा जाता त्यातले १६० हातात राहतात. २५ टक्के सूट म्हणजे १०० रुपये कमी, आणि ते सगळे त्या १६० मधूनच जातात, कारण भाडं काही सूट देत नाही. उरले ६०. आधी दहा हेअरकटला जेवढी कमाई होत होती तेवढीच करायला आता सत्तावीस करावे लागतील. दिवाळीच्या आठवड्यात दोन खुर्च्यांवर ते कसे बसवणार? शिवाय एकदा २५ टक्क्यांची चटक लागली की गिऱ्हाईक पुढच्या सुटीची वाट बघत थांबतं, हा भाग वेगळाच.

म्हणून सूट न देता एखादी छोटी भेट द्यावी, असं जाणती बाई सांगते. ती कुठली हे ठरवताना मात्र पार्लरचं काम आतून माहीत असावं लागतं. पहिला विचार येतो तेलमालिशचा. दोन चमचे तेल, दहा मिनिटं, बाई खूश. पण तेल लावलं की केस धुणं आलं, गरम पाणी आलं, ड्रायर आला. दहा मिनिटांची चाळीस होतात आणि खुर्ची अडकते. फुकट आयब्रो? धाग्याशिवाय खर्च नाही, हे खरं. पण आयब्रोला बायका दर तीन-चार आठवड्यांनी येतातच. म्हणजे मिळणारे पैसे सोडले, आणि तिला नवं काहीच मिळालं नाही. हेअर कलर तर भेट म्हणून देऊच नये. त्यासाठी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून ४८ तास वाट बघावी लागते, पुरळ किंवा खाज येत नाही ना ते पाहायला. फुकट मिळतंय म्हणून अचानक आलेल्या बाईसाठी ही वाट कोण बघणार?

हाताचं स्क्रब आणि मसाज मात्र बरोबर बसतं. बहुतेक बायका ते स्वतःहून पैसे देऊन करून घेत नाहीत. चमचाभर स्क्रब, थोडं क्रीम, एक ओला टॉवेल, पंधरा मिनिटं. आणि खरी गंमत अशी की रंग लावल्यावर किंवा फेसपॅक वाळेपर्यंत ती बाई तशीही बसूनच असते. त्याच वेळात मदतनीस मुलगी हात करू शकते. खुर्ची जास्तीची लागत नाही.

आता वेळ. चिठ्ठी दसऱ्याला जावी, भेट भाऊबीज उलटल्यावर सुरू व्हावी. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई लागते, पण बुधवार ते शुक्रवार दुपारी ११ ते ४ पार्लरं बऱ्यापैकी रिकामी असतात. गुरुवारी केस कापायचे नाहीत असं पाळणारी घरं अजून पुष्कळ आहेत. हाताच्या मसाजाला वार आडवा येत नाही. मुदत आठवडाभराची ठेवली तर फसते. हेअरकटला माणूस सहा-आठ आठवड्यांनी येतं, तिची पाळी येण्याआधीच भेट संपलेली असते. डिसेंबरअखेर ठीक.

मग चिठ्ठी. ती अशी असू शकते:

‘नमस्कार ताई,
मागच्या दसऱ्याला पार्लर उघडलं तेव्हा बाहेर बोर्डही लागला नव्हता. तरी तुम्ही जिना चढून आलात, आणि पुन्हा आलात. वर्ष झालं. मनापासून आभार.
भाऊबीज झाल्यावर ३१ डिसेंबरपर्यंत, बुधवार ते शुक्रवार, ११ ते ४ या वेळात कुठल्याही कामासाठी याल तेव्हा हाताचं स्क्रब आणि मसाज आमच्याकडून, एकदा. आधी एक मेसेज टाका, म्हणजे थांबावं लागणार नाही. तुम्हाला जमणार नसेल तर आईला किंवा लेकीला पाठवा.’

आभार आधी, भेट नंतर, आणि ‘अटी लागू’ कुठेच नाही, कारण ज्या काही अटी आहेत त्या सरळ वाक्यात सांगून टाकल्या आहेत. ‘आमच्या बहुमूल्य ग्राहकांस’ वाचून कुणालाही आपलं नाव आठवत नाही. त्यापेक्षा खाली पेनानं एक ओळ वाढवावी: ‘लेकीच्या गॅदरिंगला सकाळी सातला शटर उघडलं होतं, आठवतंय का?’ ही ओळ येते वहीतून. ज्या पार्लरमध्ये शंभर पानी वहीत तारीख, नाव, काम, पैसे यांच्यापुढे शेऱ्याचा रकाना असतो, तिथे ‘डावी भुवई बारीक करू नये’, ‘वॅक्स जरा गार करून’ असल्या नोंदी सापडतात. हा रकाना नसेल तर आभार कोरडेच राहणार.

वही उघडल्यावर काही नावं बाजूलाही काढावी लागतात. एकदाच येऊन दहा महिने न फिरकलेल्या बाईला ‘तुम्ही पुन्हा आलात’ लिहिणं हास्यास्पद. फेशियलनंतर जिच्या गालावर पुरळ उठलं होतं तिला चिठ्ठी नाही, फोन करायचा, आणि भेटीचा विषय काढायचा नाही. जिच्या घरी यंदा कुणी गेलंय, तिथे सणासुदीला वाढदिवसाचा आनंद कळवू नये. महिन्या-दोन महिन्यांनी ती आली की तोंडी सांगावं.

मेसेजनं पाठवणार असाल तर व्हॉट्सॲपवर ग्रुप करू नका. ग्रुपमध्ये प्रत्येकीचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि संध्याकाळपर्यंत तिथे शुभ प्रभातची फुलं सुरू होतात. ब्रॉडकास्ट लिस्ट बरी, पण तिच्यातला मेसेज ज्यांनी पार्लरचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचतो. उरलेल्यांना एकेकीला पाठवावा लागतो. ऐंशी नव्वद नावं असतील तर दोन दुपारी जातात. कार्ड छापणं परवडत असेल तर काउंटरवर हातात द्यावं, दिवाळीच्या गर्दीत सगळ्या येतातच.

जानेवारीत त्याच वहीत बघायचं: भेट घ्यायला किती आल्या, त्यांनी त्या दिवशी दुसरं काय करून घेतलं, आणि स्वतःऐवजी कोणाला पाठवलं. सासूबाई किंवा लेक आली असेल, तर तिचं नाव नव्या पानावर लिहायचं, शेऱ्याच्या रकान्यासकट.